शनिवार-रविवार कॅटलॉगवाला : प्रकल्प नोंदी (सांगली, जून ते सप्टेंबर २०२५)

१४ जून, शनिवार

ठरवायचं एवढंच की सोमवार ते शुक्रवार कॉलेज, प्रॅक्टिकल, जर्नल या वेळेला हात लावायचा नाही आणि शनिवार-रविवारमध्ये जे होईल त्यातनं महिन्याला हजार-बाराशे नियमित यावेत. नियमित हा शब्द महत्त्वाचा, कारण एकदा पैसे मिळणारी कामं खूप आहेत. फोन साधा आहे, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, कॅमेरा १३ मेगापिक्सेल, एडिटिंगचं जड ॲप टाकलं की गरम होऊन बसतो.

आधी बाकीचे रस्ते बघून काढून टाकले. टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, रोज ८०० कमवा' वाले, हे सुरुवातीला दोनशे-तीनशे खरंच देतात आणि मग पुढच्या टास्कला आपल्याकडूनच पैसे भरायला लावतात, ते परत येत नाहीत. टायपिंगच्या कामाला आधी रजिस्ट्रेशन फी मागत असतील तर तिथंच थांबायचं. आणि 'तुझं बँक खातं आमच्या व्यवहाराला वापरू दे, कमिशन देतो' म्हणणारा भेटला तर अजिबात नाही, फसवणुकीचा पैसा आपल्या खात्यातनं फिरतो आणि खातं गोठतं, पोलीस आधी आपल्याच दारात येतात. (कुणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका उशीर तितका पैसा लांब जातो.) सर्व्हे ॲप खोटी नाहीत सगळी, पण तासभर बोटं झिजवून वडापाव येतो.

केटरिंगला वाढप्याचं काम आहे, मला सांगितलेला रेट एका कार्यक्रमाला ४५०, पण सकाळी नऊला गेलं की संध्याकाळी सहा, आणि ते लग्नसराईतच. आषाढ लागला की बंद.

मग राहिलं ते दुकानांचं व्हॉट्सॲप. आमच्या भागातले निम्मे दुकानदार व्हॉट्सॲपवरच धंदा करतात पण साध्या व्हॉट्सॲपवर, म्हणजे गिऱ्हाईकानं 'काय काय आहे' विचारलं की दुकानातला पोरगा उठून फोटो काढणार, पाठवणार, तोवर दुसरं गिऱ्हाईक. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो, फुकट, ५०० वस्तूंपर्यंत, फोटो-नाव-किंमत-कोड सगळं. तो कुणी भरत नाही कारण भरायला वेळ लागतो. आणि भरला तरी आठवड्यात शिळा होतो.

तो शिळा होतो यातच माझा धंदा आहे. कॅटलॉग बनवून देण्याचे पैसे एकदाच मिळतात, ताजा ठेवण्याचे दर आठवड्याला.

१५ जून, रविवार

कुठल्या दुकानाला हे लागतं ते बाजारात फिरून बघितलं. किराण्याला नको, लोकांना साखर कशी दिसते ते माहीत आहे. हार्डवेअरला नको, तिथं माल वर्षभर तोच. ब्लाऊजपीसच्या मॅचिंग सेंटरवाल्या बाईंनी तर मलाच शहाणं केलं, म्हणाल्या, "अरे बाळा, बायका साडी हातात घेऊन येतात आणि उजेडात धरून रंग जुळवतात, फोटोवर कोण मॅचिंग घेणार?" खरंय की.

लागतं त्याला जिथं माल दर आठवड्याला बदलतो, प्रत्येक नग वेगळा असतो, आणि बघितल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे साड्या, पावसाळ्यात रोपवाटिका, आणि घरगुती फराळ करणाऱ्या मावशी ज्यांचा मेनू दर आठवड्याला वेगळा. तीन गाठायचे, चौथा नाही, कारण चौथ्याला रविवार दुपार जाते आणि मग अभ्यास कधी.

२१ जून, शनिवार

साडीवाले काका तयार झाले. अट त्यांची अशी की आधी वीस साड्या करून दाखव, गिऱ्हाईक हललं तर पुढचं बोलू. ठीक.

फोन त्यांचा, नंबर त्यांचा, ओटीपी त्यांनीच टाकायचा, हे मी पहिल्यांदाच सांगितलं. साध्या व्हॉट्सॲपवरून बिझनेसवर तोच नंबर नेता येतो, चॅट पण येतात, फक्त आधी बॅकअप घ्यायचा आणि एक नंबर एका वेळी एकाच ॲपवर चालतो हे त्यांना समजावून द्यायचं, नाहीतर संध्याकाळी घरचं कुणीतरी जुनं ॲप परत चालू करतं आणि बिझनेसवालं बंद पडतं. त्यांचं खातं माझ्या फोनला 'लिंक' करून घरी बसून काम करता आलं असतं, काका स्वतःच म्हणत होते घे की, पण नको. त्यात त्यांची उधारी, व्यापाऱ्यांचे भाव, घरचे मेसेज सगळं माझ्याकडे दिसणार. उद्या काही इकडचं तिकडं झालं की संशय पहिला माझ्यावर. दुकानात बसून त्यांच्याच फोनवर करायचं.

२२ जून, रविवार

फोटोंचा दिवस. दुकानाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी साडेआठ ते साडेदहा पुढच्या भागात ऊन नसतं पण उजेड भरपूर. याच वेळेत फोटो काढायचे आणि आतले एलईडी बंद करायचे. दिवे आणि बाहेरचा उजेड एकत्र आला की साडीची एक बाजू पिवळी आणि एक निळसर येते आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. उन्हात सरळ धरली तर जरीचा काठ पांढरा फट्ट होतो, नक्षी गायब.

बॅकग्राउंडला दुकानाची गादीच वापरली, पांढरी स्वच्छ चादर अंथरलेली, फुकटचा स्टुडिओ. फक्त पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो काळवंडवतो, आणि गडद साडीनं फ्रेम भरली की उलटं, उजळवतो आणि मरून साडी लाल दिसते. उपाय सोपा आहे, साडीवर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक होतो, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह काळवंडलं असेल तर वर, उजळलं असेल तर खाली ओढायचं, डोळ्याला दिसतोय तेवढा रंग येईपर्यंत. कॅमेरा आपोआप रंग भडक करतो ती सेटिंग बंद. लेन्स रुमालानं पुसायची, हसू नका, निम्मे धुरकट फोटो बोटाच्या तेलानं येतात.

एका साडीचे तीन फोटो: घडी करून काठ आणि बुट्टी दिसेल असा, पदर पूर्ण उघडून, आणि ब्लाऊजपीस. एका वस्तूला दहापर्यंत फोटो टाकता येतात पण तीनाच्या पुढं कुणी बघत नाही आणि काकांचा फोन भरतो. फोटो माझ्या फोननं काढले आणि त्यांच्या फोनवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, नाहीतर व्हॉट्सॲप पाठवताना दाबून पातळ करतं आणि जरी पिठासारखी दिसते. कॅटलॉगमध्ये चढले की दोन्हीकडून डिलीट.

रंगाची तपासणी: फोटो आणि खरी साडी दारात शेजारी धरून दोन वेगवेगळ्या फोनवर बघायची. तरी जमत नसेल तर वर्णनात शब्दांत लिहायचं. आज एक लिहिलं ते असं: "काठपदर, मरून (वांग्याकडे झुकणारा, लाल नाही), हिरवा काठ, ब्लाऊजपीससह, कोड का-१४, १,४५०". नवीन वस्तू टाकली की आधी तपासणीत जाते, पास झाल्यावरच लोकांना दिसते, म्हणून 'लगेच दिसत नाहीये' म्हणून तीच साडी परत परत टाकायची नाही.

२९ जून, रविवार

गिऱ्हाईक हललं. आणि लगेच भांडण पण. एका ताईंनी का-०९ पसंत केली, कुपवाडवरून रिक्षा करून आल्या, तर ती साडी गुरुवारीच विकली गेलेली. काका म्हणाले, "हे बघ, तुझ्या कॅटलॉगनं मला खोटं पाडलं."

साडी म्हणजे एकेक नग. विकला की कॅटलॉगमधून जायला हवा. पण मी आठवडाभर नाही आणि काऊंटरवरचा पोरगा फोनला हात लावायला घाबरतो. याच जागी बहुतेकांचे कॅटलॉग मरतात. एकदा खोटा ठरला की गिऱ्हाईक परत 'फोटो पाठवा' वर येतं आणि दुकानदार म्हणतो हे काही कामाचं नाही.

उपाय: प्रत्येक साडीला कोडची चिठ्ठी टाचणीनं लावायची. विकली की बिल करताना ती चिठ्ठी काढून काऊंटरवरच्या डब्यात टाकायची (खारीचा रिकामा डबा आहे). पोरग्याला फक्त एवढंच काम. शनिवारी मी डबा ओततो, जेवढ्या चिठ्ठ्या तेवढ्या वस्तू कॅटलॉगमधून काढतो. आणि आठवड्याच्या मधल्या काळासाठी ऑटो-ग्रीटिंगमध्ये एक ओळ, "साडी पसंत पडल्यास निघण्याआधी कोड पाठवून शिल्लक आहे का विचारा, एक दिवस बाजूला ठेवू". ही ओळ काकांनीच सुचवली, 'बाजूला ठेवू' म्हटलं की गिऱ्हाईक येतंच म्हणे.

६ जुलै, रविवार (आषाढी)

डबा चालतोय. ओतल्यावर कुठला रंग जास्त गेला तेही कळतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. चिठ्ठ्या रंगानं लावल्या तर हिरव्याची रास. काकांना दाखवलं, ते म्हणाले माहीत आहे मला, श्रावण येतोय. बरं.

पैशाचं बोललो. पहिल्यांदा पूर्ण भरणीचे ६०० (साठ साड्या), त्यानंतर दर फेरीला १५०. महिन्याचं ठरवू म्हणत होते काका, मी नको म्हणालो, महिन्याचं ठरवलं की ज्या महिन्यात पाच शनिवार येतात त्यात एक फेरी फुकट जाते. ऑगस्टमध्ये पाच शनिवार पण आहेत आणि पाच रविवार पण. पैसे त्याच दिवशी यूपीआयनं, उठायच्या आधी. उधारीचा धंदा दुकानदारांना माझ्यापेक्षा चांगला येतो.

१३ जुलै, रविवार

रोपवाटिका. मिरज रोडला. इथले दादा मोकळे, म्हणाले येऊन कर काय ते. फोटो सोपे, उजेड आयता, पाऊस थांबला की पानं धुतलेली.

इथली अडचण वेगळी. दादा म्हणत होते मोठ्या मोगऱ्याचा फुलांनी भरलेला फोटो टाक. त्यानं चौकशी येते पण गिऱ्हाईक येऊन बघतं तर पिशवीत वीतभर रोप, आणि तोंड वाकडं करून जातं. म्हणून पहिला फोटो विकायच्या रोपाचाच, शेजारी फूट आखलेली बांबूची काठी उभी करून, दुसरा फोटो फुललेल्या मोठ्या झाडाचा, त्यावर वर्णनात 'दोन वर्षांनी असं' असं. किंमत पिशवीच्या आकारावर ठरते, म्हणून जास्वंद छोटी पिशवी आणि जास्वंद मोठी पिशवी या दोन वेगळ्या वस्तू. इथं एकेका जातीची शेकडो रोपं असतात म्हणून चिठ्ठी-डब्याची गरज नाही, संपलेल्या जाती दादा खडूनं शेडच्या पाटीवर लिहून ठेवतात आणि मी त्या 'हाइड' करतो, काढत नाही, परत येतात तेव्हा नुसतं दाखवायचं. फेरीला १००.

२० जुलै, रविवार

तिसऱ्या आमच्याच गल्लीतल्या मावशी, चकली, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, ऑर्डरप्रमाणे. त्यांचा कॅटलॉग छोटा, दहा-बारा वस्तू. त्यांचा खरा त्रास फोटो नव्हता, ऑर्डरी हरवण्याचा होता. कोण व्हॉइस मेसेज करतं, कोण फोन, कोण जिन्यात सांगतं. लेबल लावून दिले: नवीन ऑर्डर, पैसे बाकी, दिली. जिन्यात सांगणाऱ्याला मावशींनी म्हणायचं, "तेवढं व्हॉट्सॲपवर टाक गं, माझ्या लक्षात राहत नाही." आठवड्याची ऑर्डर शनिवारी रात्री नऊला बंद, माल मंगळवारी. मी रविवारी सकाळी अर्धा तास बसतो, लेबलवाल्या सगळ्या ऑर्डरी एका वहीत उतरवतो, मावशी त्यावरून तयारीला लागतात. ७५ रुपये आणि चकली. त्यांच्याकडे अन्नपदार्थाचं रजिस्ट्रेशन आहे, तो नंबर बिझनेस प्रोफाइलमध्ये टाकला. नसतं तर आधी ते करायला सांगितलं असतं.

३ ऑगस्ट, रविवार

काकांना वाटतं गावातल्या सगळ्या नंबरांना रोज फोटो पाठवावेत. कुठूनतरी नंबरांची यादी पण मिळत होती त्यांना, विकत. मी तयार झालो नाही. एक तर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना पोचतच नाही, म्हणजे विकतची यादी इथं शून्य कामाची. आणि एकेकाला हातानं पाठवत बसलं तर लोक ब्लॉक-रिपोर्ट करतात, जास्त रिपोर्ट झाले की नंबरच बंद पडू शकतो, आणि हा त्यांचा वीस वर्षांचा नंबर आहे.

त्याऐवजी क्यूआरचा कागद छापून काऊंटरला लावला, बिल करताना पोरगा म्हणतो "नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळेल". जे स्वतः सेव्ह करतात तेच लिस्टमध्ये. शनिवारी एकच मेसेज, तीन फोटो आणि कॅटलॉगची लिंक. कॅटलॉगची लिंक अशी असते, पुढं देशाच्या कोडसकट नंबर:

```
wa.me/c/91XXXXXXXXXX
```

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आज आल्या म्हणून लवकर उरकलं. ऑगस्टचा हिशोब, पाच फेऱ्या पूर्ण: काका ७५०, दादा ५००, मावशी ३७५. एकूण १,६२५. पेट्रोल आणि किरकोळ (कागद, टाचण्या, प्रिंट) मिळून १४० गेले. शनिवारी अडीच तास, रविवारी दीड, असं आठवड्याला चार तास धरले तर तासाला ७५ च्या आसपास पडतात. केटरिंगला तासाला ५० पडले असते आणि पाय वेगळे दुखले असते. चार फेऱ्यांच्या महिन्यात १,३०० येतील. यापेक्षा फार वाढणार नाही, कारण वेळ तेवढाच आणि सांगलीत फेरीला दीडशेच्या वर कुणी लहान दुकानदार देईल असं वाटत नाही.

कॉलेजमधल्या एकानं हे ऐकून सात दुकानं घेतली आणि सगळ्यांकडून भरणीचे पैसे. फेऱ्या एकाकडेही नाहीत. त्याला सप्टेंबरमध्ये शून्य येणार.

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून पितृपक्ष समजा. काका म्हणाले, "पंधरा दिवस येऊ नकोस, साडी कोण घेतंय." हीच भीती होती, फेरीवर ठरवलं की मंदीत फेरीच बंद होते. पावसाचा जोर कमी झाला तशी रोपवाटिकेची चौकशी पण उतरलीय.

पण २२ ला सोमवारी घट बसतात आणि नवरात्राचे नऊ रंग. कार्यालयातल्या बायका महिनाभर आधीच रंगांची यादी फिरवतात. काकांना म्हटलं गोदामातल्या साड्या रंगाप्रमाणे वेगळ्या काढू, कॅटलॉगमध्ये प्रत्येक रंगाचं वेगळं कलेक्शन करू, सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, बुधवारचा गडद निळा असं. लोक या पंधरवड्यात घेत नाहीत पण बघून ठेवतात, कोड विचारून ठेवतात. काका जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "शनिवारी ये."

१४ सप्टेंबर, रविवार

राखाडी! शनिवारचा रंग राखाडी आणि काकांकडे राखाडी साड्या मोजून चार. पांढऱ्या भरपूर, पिवळ्या भरपूर, केशरी बऱ्या. मोरपंखी आणि हिरवा फोटोत एकसारखा येतोय, दोन्ही साड्या एकाच फ्रेममध्ये शेजारी ठेवून एक जादा फोटो काढला, मग फरक कळतो. राखाडीच्या फोटोला गादीवरची चादर नडते, साडी मळल्यासारखी दिसते, तिच्याखाली काळं कापड टाकलं तर चांदीसारखी उठून आली.

कलेक्शन बघितल्यावर काकांनी दुपारीच व्यापाऱ्याला फोन लावला, राखाडी मागवल्या. कॅटलॉगनं काय नाही ते पण दिसतं.

२० सप्टेंबर, शनिवार

बाजूला ठेवलेल्या साड्यांची आता दुसरी डबी केलीय, कारण 'विकली' आणि 'ठेवलीय' एकाच डब्यात गेलं तर मी चुकीची काढून टाकणार. ठेवलेली वस्तू हाइड, विकलेली डिलीट. सर्वपित्री उद्या आहे, परवापासून गर्दी.

मावशींकडे कडाकण्यांची ऑर्डर तिप्पट झालीय, लेबलांशिवाय त्यांचं काही खरं नव्हतं. त्यांनी आपणहून १०० केले.

२८ सप्टेंबर, रविवार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंटर्नल आहेत, शनिवारी पण पेपर. दोन फेऱ्या बुडणार आणि नेमक्या दिवाळीच्या तोंडावर. काकांच्या पोरग्याला आज डबा ओतून डिलीट करायला शिकवलं, तीन बोटांचं काम आहे, त्याची भीती गेली. फोटो मात्र त्याला जमत नाहीत, सगळे ट्यूबलाइटखाली काढतो. म्हणून येत्या शनिवारी दिवाळीचा जेवढा माल आलाय तेवढा एकदम काढून ठेवायचा, कॅटलॉगमध्ये चढवून हाइड करायचा, आणि पोरगा रोज दहा-दहा उघडेल. त्या दोन आठवड्यांचे काका अर्धे देणार आहेत. दादांकडे दसऱ्याला झेंडूची रोपं नाही, फुलं जातात, तिथं सुट्टी. मावशींच्या फराळाचा भाव अजून ठरायचाय, खोबरं महागलंय, त्या मंगळवारी सांगतील मग किंमती बदलायच्या.